निरोपाच्या कार्डात सगळ्यांचे शब्द कसे मावतील?

पत्र

सप्रेम नमस्कार. आमच्या कार्यालयात १९ वर्षे हिशेब सांभाळणाऱ्या ताई महिनाअखेरीस नोकरी सोडून पुण्याला लेकीकडे कायमच्या राहायला जात आहेत. सर्वांच्या वतीने एकच मोठे कार्ड द्यायचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. व्हॉट्सॲपवर ३४ निरोप जमले आहेत, काही मराठीत, काही हिंदीत. कुणी चार शब्द लिहिले, कुणी पानभर. बऱ्याच जणांनी एकच गोष्ट लिहिली आहे. साहेब म्हणतात की सगळ्यांचे मिळून एक छान परिच्छेद लिहा आणि खाली नावे टाका. मला ते पटत नाही, पण ३४ निरोप जसेच्या तसे छापले तर कार्ड वाचवणार नाही. सर्व निरोपांची नक्कल सोबत पाठवते आहे, नावे तेवढी काढली आहेत. हातात पंधरा दिवस आहेत. काय करू?

— एक वाचक, इंदूर

उत्तर

तुम्ही पाठवलेले सर्व निरोप मी वाचले. तुमच्या साहेबांची सूचना चांगल्या हेतूने आलेली आहे, पण ती पाळू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या परिच्छेदाखाली ३४ जणांची नावे येणार, त्यात ३४ जणांना लागू पडेल तेवढेच लिहिता येते. सगळ्यांना लागू पडेल असे काय उरते? मनमिळाऊ स्वभाव, कामातील तत्परता, सर्वांना मिळालेले मार्गदर्शन आणि पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा. हा मजकूर कोणत्याही कार्यालयातून जाणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला देता येईल, आणि १९ वर्षे एका खुर्चीवर बसलेल्या माणसाला ते पहिल्याच ओळीला कळते.

मराठीत आणखी एक अडचण येते, ती व्याकरणाची असली तरी तिच्यात नाती गुंतलेली आहेत. तुमच्या नकलेत एका मैत्रिणीने ताईंना ‘तू’ म्हटले आहे, बहुतेकांनी ‘तुम्ही’, नव्या मुलांपैकी दोघांनी ‘आपण’ आणि हिंदीतून लिहिणाऱ्यांनी ‘दीदी, आप’. एका परिच्छेदात यातले एकच रूप राहू शकते, आणि कोणतेही निवडले तरी कुणाच्या तरी तोंडी परके शब्द जातात. जिने १९ वर्षे शेजारच्या टेबलावर बसून ताईंशी ‘अगं’ म्हणून बोलणे केले, तिचा निरोप ‘आपण आम्हांस’ असा छापून आला, तर तो तिचा उरत नाही. म्हणून प्रत्येकाचे संबोधन त्याने लिहिले तसेच ठेवा. हिंदी निरोपांचे मराठी करू नका. लिपी एकच असल्यामुळे ते मराठीच्या शेजारी सहज बसतात, आणि इंदूरच्या कार्यालयात बोलणे जसे चालते तसेच ते कागदावर दिसेल. मात्र रोमन अक्षरांत टाइप केलेली मराठी देवनागरीत उतरवून घ्या, कारण ती छापल्यावर वाचायला फार त्रासाची होते.

तेव्हा एकत्र करायचे ते फक्त एवढेच, जे खरोखर सर्वांचे एक आहे. बाकी प्रत्येकाचे त्याच्या नावाने राहू द्यायचे. हे कसे साधायचे, ते तुमच्याच निरोपांवरून सांगतो.

प्रथम सर्व निरोप एका तक्त्यात घ्या. नाव, मूळ निरोप, कार्डावर घ्यायचा भाग आणि मंजुरी मिळाली की नाही, असे चार रकाने पुरतात. व्हॉट्सॲपवरून अनेक निरोप एकदम निवडून नक्कल केली की प्रत्येकापुढे तारीख, वेळ आणि नाव येते, पण ते नाव तुमच्या फोनमध्ये तुम्ही जसे साठवले असेल तसे येते. ‘गोदाम नवीन नंबर’ अशा नावाने कार्डावर कुणी छापला जाऊ नये, यासाठी प्रत्येकाला त्याचे नाव तो कसे लिहितो हे विचारून घ्या. ठळक अक्षरांसाठी घातलेल्या फुल्याही नकलेबरोबर येतात, त्या काढून टाका.

नंतर प्रत्येक निरोपात एकच गोष्ट शोधा: यातले कोणते वाक्य फक्त या ताईंनाच म्हणता येईल? त्याखाली रेघ ओढा. मी तुमच्या नकलेवर असे करून पाहिले. १२ निरोपांत केवळ शुभेच्छा आहेत, तिघांनी फक्त फुले आणि हात जोडल्याची चित्रे पाठवली आहेत, आणि उरलेल्या १९ निरोपांत एकतरी वाक्य असे आहे की जे दुसऱ्या कुणाला लिहिता आले नसते. कार्डाचा गाभा त्या १९ निरोपांत आहे. पुष्कळदा ते वाक्य निरोपाच्या मधोमध असते, कारण सुरुवात आणि शेवट माणूस ऐकलेल्या शब्दांनी करतो आणि मध्ये स्वतःचे बोलतो. तुमच्या विभागातल्या एका मुलीचा हा निरोप पाहा:

> आदरणीय ताई, आपण आमच्या कार्यालयाच्या आधारस्तंभ आहात. आपल्या जाण्याने न भरून येणारी पोकळी निर्माण होईल. त्यातच सांगायचं म्हणजे मी नवीन होते तेव्हा माझा हिशेब २७० रुपयांनी जुळत नव्हता आणि तुम्ही साडेसातपर्यंत माझ्याबरोबर थांबलात. घरी फोन करून सांगितलंत, पोरीचा हिशेब जुळल्याशिवाय मी निघत नाही. आपल्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.

यातील पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे वाक्य गळले, तर काहीही हरवत नाही. जे उरते ते तिच्याखेरीज कुणालाच लिहिता आले नसते. एक लक्षात आले का? सुरुवातीला आणि शेवटी ती ‘आपण’, ‘आपल्या’ म्हणते, पण आठवण सांगू लागताच ‘तुम्ही’वर येते. कापल्यावर ‘तुम्ही’ एकटे राहते आणि निरोप आपोआप सरळ होतो. सांधा मात्र तपासावा लागतो. ‘त्यातच सांगायचं म्हणजे’ हे शब्द आधीच्या वाक्याला टेकलेले होते, ते वाक्य गेल्यावर त्यांना आधार राहत नाही, म्हणून तेही काढायचे. माझा नियम असा आहे की कापावे, पण बदलू नये. ‘थांबलात’ला ‘थांबल्या होत्या’ करू नका, ‘पोरीचा’ला ‘मुलीचा’ करू नका. शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या दुरुस्त कराव्यात, कारण छापलेल्या चुकीची लाज लिहिणाऱ्याला वाटते.

आता पुनरावृत्तीचा प्रश्न. २७० रुपयांचा तो प्रसंग आणखी दोघांच्या निरोपांत वेगळ्या वाटेने आलेला आहे. गोदाम सांभाळणारे लिहितात, ‘फरक नऊने भागला जातो का ते आधी बघ, हे तुमचं वाक्य मी आता नव्या मुलांना सांगतो.’ विक्री विभागातून आलेला हिंदी निरोप आहे, ‘दीदी का नौ वाला नियम हमेशा याद रहेगा. मिस यू दीदी.’ हिशेबाच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: दोन शेजारचे आकडे उलटसुलट लिहिले गेले की येणारा फरक नेहमी नऊने भागला जातो. १,६३० च्या जागी १,३६० लिहिले, तर फरक २७० येतो, आणि नऊने भागल्यावर बरोबर ३० येतात. त्यामुळे असा फरक दिसला की जाणता हिशेबनीस आधी अदलाबदल झालेली रक्कम शोधतो. ताईंनी ही गोष्ट तीन निरनिराळ्या माणसांना शिकवली, हे या तीन निरोपांवरून कळते. हे तिघांचे एक वाक्य करून टाकले, तर तीन माणसे नाहीशी होतात. तिन्ही तीन ठिकाणी छापले, तर तिसऱ्या वेळी वाचताना कंटाळा येतो. म्हणून ते एकाखाली एक, एकाच चौकटीत ठेवा. ज्याने सर्वांत भरून सांगितले त्याचे आधी, मग जोडीचे, आणि सर्वांत लहान निरोप शेवटी:

> मी नवीन होते तेव्हा माझा हिशेब २७० रुपयांनी जुळत नव्हता आणि तुम्ही साडेसातपर्यंत माझ्याबरोबर थांबलात. घरी फोन करून सांगितलंत, पोरीचा हिशेब जुळल्याशिवाय मी निघत नाही. (नाव)
>
> फरक नऊने भागला जातो का ते आधी बघ, हे तुमचं वाक्य मी आता नव्या मुलांना सांगतो. (नाव)
>
> दीदी का नौ वाला नियम हमेशा याद रहेगा. (नाव)

वाचताना पहिल्या निरोपातला प्रसंग दुसऱ्याने उलगडतो आणि तिसरा त्याला दुजोरा देतो. एकट्याने छापला असता, तर तो हिंदी निरोप ताईंखेरीज कुणाला समजला नसता. पुनरावृत्ती ज्या ठिकाणी आठवणीची असते, त्या ठिकाणी ती अशी शेजारी ठेवावी. पुनरावृत्ती शुभेच्छांची असेल, तर ती एकदाच सांगावी.

ते १२ निरोप शुभेच्छांचेच आहेत. त्यांचे एक वाक्य तुम्ही खुशाल करा, कारण त्या सर्वांना म्हणायचे ते एकच आहे. पण त्याआधी त्या बारा जणांना आणि चित्रे पाठवणाऱ्या तिघांना एकदा परत विचारा. ‘अजून काहीतरी लिहा ना’ असे म्हटले, तर पुन्हा शुभेच्छाच येतील. नेमका प्रश्न विचारा: ‘ताईंनी तुमचे कोणते काम अडले असताना सोडवले?’ किंवा ‘ताईंची कोणती गोष्ट तुम्ही सोमवारी सकाळी सर्वांत आधी शोधाल?’ अशा प्रश्नाला माणूस एका ओळीत उत्तर देतो आणि ती ओळ उपयोगाची असते. दोन दिवस वाट पाहा. ज्यांच्याकडून काही येणार नाही, त्यांना पुन्हा टोचू नका. त्यांची नावे या सामाईक ओळीखाली येतील: ‘ताई, पुण्याच्या घरी तुम्हाला आरोग्य, निवांतपणा आणि लेकीचा सहवास भरभरून लाभो.’

जागेचा हिशेब आधी मांडला, तर नंतरची ओढाताण वाचते. ए-३ आकाराचा कागद मध्ये दुमडला की ए-४ आकाराचे चार पानी कार्ड होते. आतली दोन पाने निरोपांसाठी धरा. चारही बाजूंना २ सेंटिमीटर समास सोडला, पानाचे दोन स्तंभ केले आणि अक्षर १३ पॉइंटचे घेतले, तर एका स्तंभात जवळपास ३९ ओळी बसतात, म्हणजे चार स्तंभांत मिळून १५६ ओळी. अशा ओळीत सुमारे सहा मराठी शब्द मावतात. २५ शब्दांचा निरोप, त्याखालची नावाची ओळ आणि मोकळी जागा धरली, तर एका नोंदीला सात ओळी लागतात. त्यामुळे दोन पानांत २२ नोंदी बसतील. तुमचे १९ खास निरोप आहेत, त्यांतील तीन एका चौकटीत गेले की ती चौकट दोन नोंदींची जागा घेते, म्हणजे १८ नोंदींची जागा लागते, आणि सामाईक शुभेच्छांची धरून १९. पुन्हा विचारल्यावर येणाऱ्या ओळींसाठी तीन जागा मोकळ्या राहतात. त्याहून अधिक आल्या, तर अक्षर लहान करू नका. मागचे पान वापरा. ताईंचे वय ध्यानात घेतले, तर १३ पॉइंटच्या खाली जाणे योग्य नाही.

साहेबांनी स्वतःचा निरोप तीन परिच्छेदांचा लिहिला आहे, त्याचाही या हिशेबामुळे निकाल लागतो. कार्डावर प्रत्येकाला जास्तीत जास्त ४५ शब्द, ही मर्यादा सर्वांना सारखी ठेवा. साहेबांच्या निरोपातला तिसरा परिच्छेद, ज्यात लेखापरीक्षणाच्या वेळी ताईंनी जुनी पावतीपुस्तके कपाटावरून स्वतः उतरवली असा उल्लेख आहे, तोच घ्यावा असे मला वाटते. त्यांना सांगताना वाद घालण्यापेक्षा नमुना दाखवणे बरे. एका कागदावर त्यांच्या कल्पनेप्रमाणे एक परिच्छेद आणि दुसऱ्यावर वरची नऊच्या नियमाची चौकट, असे दोन्ही त्यांच्यापुढे ठेवा आणि म्हणा, ‘साहेब, आपला पूर्ण मजकूर आपण समारंभात बोलावा अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. कार्डावर आपली पावतीपुस्तकांची आठवण घेत आहोत.’ यात त्यांचा मान राहतो आणि तुमचे कामही होते.

नोंदींचा क्रम हुद्द्याने लावू नका. साहेब पहिले आणि शिपाई शेवटचे असे झाले, की कार्डाला परिपत्रकाची कळा येते. आठवण कोणत्या काळातली आहे, त्याप्रमाणे लावा. ताई रुजू झाल्या त्या दिवसांपासून सुरुवात होईल, मैत्रिणीचा ‘तू’चा निरोप साहजिकच पहिला येईल, साहेब जिथे येतात तिथे येतील आणि या वर्षी लागलेली मुले शेवटी. सलग वाचले की १९ वर्षे क्रमाने उलगडतील, आणि साहेबांना हवे असलेले एकसंध लिखाण याच मार्गाने मिळेल.

प्रत्येकाला त्याचा कापलेला मजकूर खासगीत पाठवा, समूहात नको. ‘तुमच्या निरोपातला एवढा भाग कार्डावर घेते आहे. बदल हवा असल्यास गुरुवारी संध्याकाळपर्यंत सांगा, नाही तर असाच ठेवते,’ एवढे पुरे. एका निरोपाबद्दल मात्र गुरुवारची वाट पाहू नका. ‘आता चहाचे पैसे मोजून कोण देणार’ असा जो विनोद आहे, तो ताईंसमोर आजवर म्हटला गेला आहे का, हे त्या गृहस्थांना विचारा. त्या स्वतः त्यावर हसत आल्या असतील, तर जरूर ठेवा. पाठीमागे चालणारा विनोद असेल, तर तो छापील कार्डात कायमचा जाऊन बसेल, आणि त्या पुण्याला एकट्याने वाचताना तो त्यांना टोचेल. तेव्हा त्यांच्याकडून दुसरी ओळ मागून घ्या.

नकलेत दारावरचे पहारेकरी, सफाई करणाऱ्या मावशी आणि चहा आणणारा मुलगा यांचे काहीच दिसत नाही. ते बहुधा तुमच्या समूहात नसावेत. पगारपत्रकाच्या यादीवर विसंबू नका, कारण कंत्राटी माणसे तीत नसतात. सकाळी दार उघडल्यापासून ताईंना रोज कोण कोण भेटते, त्यांची आठवून यादी करा. त्यांच्याकडे जाऊन विचारा, ते बोलतील तसे लिहून घ्या आणि त्यांना परत वाचून दाखवा. आणि ज्यांचे ताईंशी पटत नव्हते असे कुणी असेल, तर त्यांना एकदा विचारावे; नको म्हणाले, तर त्यांच्या नावाने तुम्ही एक ओळही रचू नये.

छपाईबद्दल थोडेसे. खजुरी बाजारात किंवा तुमच्या जवळच्या डीटीपीच्या दुकानात मजकूर व्हॉट्सॲपवरून तसाच देऊ नका. काही दुकानांत अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटवर काम चालते, आणि मजकूर त्या फाँटमध्ये बदलताना ऱ्हस्व वेलांटी व रफार जागचे हलतात. घरीच मांडणी करून पीडीएफ द्या. मांडणीत भाषा मराठी निवडा, म्हणजे ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात. पूर्ण प्रत छापण्याआधी साध्या कागदावर एक नमुना काढून ‘साऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘माझ्याबरोबर’ असे शब्द आणि सर्व नावे तपासा. फोनवर हिंदी कळफलक वापरणाऱ्यांच्या मराठीत ‘साऱ्या’चे ‘सार्या’ आणि ‘ळ’चे ‘ल’ झालेले हमखास सापडते. रंगीत चित्राक्षरे छापताना बहुधा चौकोन होऊन येतात, ती आधीच काढा.

कागद २५० ते ३०० जीएसएमचा आणि मॅट घ्या. चकचकीत लॅमिनेशन करू नका, कारण प्रत्येकाने आपल्या छापील नावाशेजारी शाईने सही करावी असे मला वाटते आणि चकचकीत पृष्ठावर सही पसरते. एवढ्या जाड कागदाला दुमडण्याआधी दुकानदाराकडून घडीची रेघ दाबून घ्यावी लागते, नाही तर घडीवर रंग फाटतो. सह्यांसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवा, आणि कार्ड टेबलावरून टेबलावर फिरवण्यापेक्षा तुम्ही स्वतः घेऊन जा, म्हणजे ते ताईंच्या नजरेस पडणार नाही.

राहता राहिले कापलेले शब्द. सर्व निरोप मुळात जसे आले तसेच, एकही अक्षर न गाळता, साध्या ए-४ कागदांवर छापून घ्या आणि कार्डासोबत पाकिटात घाला. साहेबांचे तिन्ही परिच्छेद त्यात असतील आणि त्या मुलीचा ‘आधारस्तंभ’ही असेल. गुरुवारी कुणी नाराजीने ‘माझे अर्धे का गाळले’ असे विचारले, तर हे पाकीट त्याला दाखवता येईल. समारंभात संपूर्ण कार्ड वाचून दाखवू नका. दोन नोंदी निवडा, त्या ज्यांच्या आहेत त्यांनाच वाचायला सांगा, आणि त्यांना तसे आदल्या दिवशी कळवून ठेवा.